आडवी रेघ म्हणजे पण एक पोरगंच: दुसरीच्या टॅली आणि फळांच्या ग्राफमधल्या या चुका टाळा

दुसरीला 'आवडतं फळ' हा धडा मी इतक्या वेळा घेतलाय की आता मुलं काय चुकणार हे आधीच कळतं, आणि खरं सांगू का, निम्म्या चुका मुलांच्या नसतातच, आपल्या असतात. नवीन टीचर येतात, एका तासात टॅली पण आणि बार ग्राफ पण उरकतात, फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकतात, संपलं. त्या फोटोतल्या ग्राफची बेरीज कुणी करून बघतं का?

सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे पाचाच्या जुडीत सहा रेघा. आपण बोर्डावर काढून दाखवतो आणि तोंडाने म्हणतो, "पाच झाले की आडवी रेघ मारायची." झालं! मुलं अगदी आज्ञाधारकपणे पाच उभ्या काढतात, मग वरून तिरकी एक, आणि मोजताना मात्र जुडी पाचाचीच धरतात, कारण आपणच सांगितलंय ना जुडी म्हणजे पाच.

मी ऐरोलीत शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी हेच केलं. वर्गात ३८ मुलं. आंबा १४, कलिंगड ९, केळं ६, द्राक्षं ६, सफरचंद ३ अशी मतं होती. बोर्डावर खुणा काढायला एका हुशार पोराला उभं केलं आणि मी आपली मागे वह्या तपासत बसले (ही माझी दुसरी चूक). शेवटी मोजलं तर आंबा १२, कलिंगड ८, केळं ५, द्राक्षं ५, सफरचंद ३. बेरीज ३३. पहिल्या बाकावरची एक पोरगी वर्गभर बघून म्हणाली, "टीचर, पाच जण आज आलेच नाहीत का?" मी तीनदा हजेरी मोजली हो! बोर्ड पुसून पुन्हा घेतलं, पुन्हा ३३. घरी जाताना ट्रेनमध्ये वहीच्या मागे खुणा काढून बघितल्या तेव्हा ट्यूब पेटली. आंब्याच्या दोन जुड्या, बाकी तिघांची एकेक, म्हणजे एकूण पाच जुड्या, आणि प्रत्येक जुडीने एकेक पोरगं गिळलेलं.

तेव्हापासून माझी सवय अशी की बेरीज कमी आली तर जितकी कमी तितक्या जुड्या आहेत का ते आधी बघायचं. तेवढ्याच असतील तर सहा रेघांचाच घोळ आहे. उलटं पण होतं, काही मुलं चार उभ्या झाल्या की लगेच तिरकी मारून 'बंद' करतात, नवीन मत नसतानाच, जणू पेटीला दोरी बांधली. मग बेरीज जास्त येते, पुन्हा जितक्या जुड्या तितकीच. आमच्या त्याच ३८ मुलांची अशी मोजणी ४५ वर गेली असती.

उपाय? "पाच झाले की" हे वाक्यच तोंडातून काढून टाका. मी हात दाखवते, चार बोटं उभी आणि अंगठा तळहातावर आडवा, मोजा बघू किती, पाच. आणि ज्याचं मत पाचवं येईल त्या मुलाला मी बोर्डाजवळ बोलावते, तिरकी रेघ त्यानेच मारायची, सगळा वर्ग ओरडतो "आडवी!" ती रेघ म्हणजे समोर उभं असलेलं एक पोरगं आहे हे एकदा डोळ्यांना दिसलं की मग फारसं सांगावं लागत नाही. त्याआधी एक दिवस आईस्क्रीमच्या काड्या बाकावर मांडून घेते. वर्कशीटवर थेट उडी मारणाऱ्यांना हा दिवस वाया गेला असं वाटतं, वाटू दे.

मग ते "आंबा आवडणाऱ्यांनी हात वर करा". कृपा करून नको. दुसरीतलं मूल आंब्यालाही हात वर करतं, मित्राने केला म्हणून कलिंगडालाही करतं. एकदा माझ्याकडे ३८ मुलांची ५१ मतं झाली होती. आता प्रत्येकाला एक चिठ्ठी देते, त्यावर एकच फळ काढायचं, चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, मग एकेक चिठ्ठी उघडून एकेक रेघ. चिठ्ठ्या उरतात ना, त्यामुळे गडबड झाली तर परत मोजता येतं, वर केलेले हात परत कुठून आणणार?

फळं पाचच द्या. "कुठलंही आवडतं सांगा" म्हटलं की ड्रॅगनफ्रूट, किवी, फणस सगळं येतं आणि एकेक मताचे दहा स्तंभ होतात.

आता ग्राफ. इथली माझी आवडती, म्हणजे नावडती, चूक म्हणजे फळांची चित्रं एकावर एक चिकटवणं. दिसायला फार गोड दिसतं. आमच्या शेजारच्या वर्गात लावला होता असा चार्ट, पोरांनी आपापल्या मनाने चित्रं कापलेली, कलिंगडं ताटाएवढी, आंबे बोटभर. नऊ कलिंगडांचा मनोरा चौदा आंब्यांच्या वर गेलेला! ओपन हाऊसला एक आजोबा चार्टसमोर थांबून म्हणाले, "अरे वा, मुलांना कलिंगड जास्त आवडतं की." आजोबांचं काही चुकलं नव्हतं, स्तंभालेख उंची बघूनच वाचायचा असतो. म्हणून एक मूल म्हणजे एक चौकोन, आणि सगळे चौकोन एका मापाचे, मी घोटीव कागदाचे स्वतः कापून देते. फळाचं चित्र फक्त खाली, नावाच्या जागी.

चौकोन कापायच्या आधी टॅली पूर्ण करा हं. मी एकदा उत्साहाने आदल्या रात्री ५ सेंटीमीटरचे कापून ठेवले. चौदा आंबे म्हणजे ७० सेंटीमीटर, आणि आपला नेहमीचा २२ बाय २८ इंची चार्ट पेपर उभा धरला तरी जेमतेम ७१. नावं लिहायची कुठे, कपाळावर? ४ सेंटीमीटर घेतले असते तर ५६ मध्ये भागलं असतं.

चौकटीच्या वहीत काढताना खालच्या रेघेसमोर ० लिहून घ्या. मुलं तिथेच १ लिहितात, मग आकडा बघून रंगवलं की चौदाचा स्तंभ तेरा चौकटींचा होतो. एक चौकट म्हणजे दोन मुलं असलं काही दुसरीत आणू नका.

शेवटचं, "कलिंगडापेक्षा आंबा किती जणांना जास्त आवडतो?" याचं उत्तर निम्मा वर्ग १४ देतो, कारण 'जास्त' ऐकलं की ते सगळ्यात उंच स्तंभाचा आकडा वाचतात. लगेच वजाबाकी मांडायला लावू नका. मी कलिंगडाच्या टोकावर फूटपट्टी आडवी धरते, आंब्याच्या स्तंभाचा पट्टीखालचा भाग वहीने झाकते आणि वर डोकावणारे चौकोन मोजायला सांगते. पाच. मग हळूच बाजूला १४ - ९ लिहिते.