प्रेपची गोळी विषाणूला कुठे अडवते आणि वेळ कुठे चुकते: या चुका टाळा

प्रेप म्हणजे एचआयव्हीचा संसर्ग होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं औषध. एचआयव्ही पेशीत शिरला की आधी आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करतो आणि मग तो डीएनए पेशीच्या डीएनएत घुसवतो. एकदा तो घुसला की संसर्ग कायमचा. विषाणूचं प्रोटीएज हे विकर रोखणारी औषधं याच्याही नंतर, नवे विषाणू तयार होताना काम करतात. उपचारात ती उपयोगी पडतात, पण तोवर पेशी बाधित झालेली असते. प्रतिबंधाचं औषध त्याआधीच आडवं यायला हवं.

प्रेपच्या गोळीत टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम आणि एमट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम असतं. विषाणू डीएनएची साखळी ओवत असताना यांचे रेणू खऱ्या मण्यांच्या जागी बसतात. पुढचा मणी अडकवायला त्यांना आकडाच नसतो, त्यामुळे साखळी तिथेच खुंटते. मात्र गिळलेलं औषध तसंच कामाला लागत नाही. पेशीने त्याला फॉस्फेट जोडावे लागतात आणि त्याला वेळ लागतो. गोळीच्या वेळेच्या बहुतेक चुका इथेच होतात.

समजा, कोथरूडमधल्या एका तरुणाचा शनिवारी रात्री १० वाजता दुसऱ्या पुरुषाशी संबंध येणार आहे आणि तो रोज प्रेप घेत नाही. साडेनऊला दोन गोळ्या घेणं ही चूक. त्या किमान २ आणि जास्तीत जास्त २४ तास आधी घ्यायच्या. त्याने संध्याकाळी ६ला दोन घेतल्या, तर रविवारी ६ला एक आणि सोमवारी ६ला एक. तास मोजायचे ते पहिल्या दोन गोळ्यांपासून. रविवारी रात्री पुन्हा संबंध आला, तर रोजची गोळी मंगळवारपर्यंत चालू ठेवायची. ‘झालं ते झालं’ म्हणून रविवारीच थांबणं ही दुसरी चूक, कारण आत शिरलेला विषाणू साखळी ओवत असतानाच औषध कमी पडतं.

ही पद्धत मैत्रिणीला सांगू नका. योनीच्या ऊतीत टेनोफोव्हिर कमी साठतं, म्हणून स्त्रियांनी गोळी रोजच घ्यायची, आणि पुरेसं संरक्षण मिळायला सुमारे २१ दिवस धरायचे. हिपॅटायटिस बी असलेल्यांनीही अशी सोडून-सोडून घेऊ नये: ही दोन्ही औषधं तो विषाणूही दाबतात आणि अचानक थांबवली तर यकृताचा दाह उसळू शकतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चाचणीशिवाय सुरुवात. संसर्ग आधीच असेल, तर फक्त दोन औषधं त्याला पुरी पडत नाहीत. एमट्रिसिटाबिनला दाद न देणारा विषाणू तगून राहतो आणि पुढचे उपचार अवघड होतात. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, चाचणी मोफत होते. सोबत मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि हिपॅटायटिस बीही तपासून घ्या. नुकताच ताप, घसादुखी आणि अंगावर पुरळ येऊन गेलं असेल, तर ती नव्या संसर्गाची लक्षणं असू शकतात, म्हणून ‘निगेटिव्ह’ रिपोर्टवर विसंबू नका, डॉक्टरांना ते सांगा. जोखमीचा संबंध गेल्या ७२ तासांतला असेल, तर प्रेप नव्हे, संबंधानंतर घ्यायचा, तीन औषधांचा २८ दिवसांचा पेप लागतो. तो त्याच दिवशी सुरू करायचा.