खालचे सहा रकाने

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

काल रात्री पाठवलेला माती परीक्षण कार्डाचा फोटो तू बघितलास आणि लगेच लिहिलंस, "बाबा, बरंच हिरवं दिसतंय, म्हणजे रान चांगलं आहे. डीएपीचे पैसे दुकानदाराला टाकून देतो." ते पैसे टाकू नकोस. हे पत्र आधी सगळं वाच, मग टाक. मृग तोंडावर आलाय. एकदा सोयाबीनच्या पेरणीची घाई सुरू झाली की कार्ड कपाटात जातं आणि पोतं दुकानदार सांगेल ते येतं. आपल्या शिवारात हे मी वर्षानुवर्षं बघतोय.

पहिली गोष्ट, ते रंग कार्डावर छापलेले नाहीत. कार्डावर नुसते आकडे आणि पुढे "कमी", "मध्यम", "जास्त" असं लिहिलेलं असतं. मला ते चटकन दिसत नाही, म्हणून नातीच्या स्केचपेननं मी रकाने भरले. कमी असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळा, पुरेसं किंवा जास्त असेल तर हिरवा, आणि सामूला, म्हणजे मातीच्या पीएचला, निळा. फोटो ट्यूबलाइटखाली काढल्यामुळं सेंद्रिय कर्बाचा पिवळा तुला हिरवा दिसला. तो आकडा 0.46 आहे, म्हणजे मध्यमच. फोटोत रंग फसवतो, म्हणून बोटांनी फोटो मोठा कर आणि आकडा वाच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. हिरवा म्हणजे "चांगलं" असं नाही. स्फुरदाचा आकडा हेक्टरी 31 किलो आहे, आणि आपल्याकडं 28 च्या वर गेला की "जास्त" धरतात. विहिरीजवळच्या या दोन एकरात आपण दरवर्षी डीएपी ओतलं, त्याचा हा साठा आहे. हा हिरवा सांगतोय की आता हात आखडता घे. स्फुरद फार झालं की पिकाला जस्त उचलायला अवघड जातं. म्हणजे वरचा हिरवा रकाना खालच्या लाल रकान्याला आणखी लाल करतो.

कार्डावर बारा ओळी असतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मग नत्र, स्फुरद, पालाश. इथपर्यंत माणूस वाचतो आणि कार्ड घडी करतो. त्याच्या खाली गंधक, जस्त, बोरॉन, लोह, मंगल आणि तांबं असतं. लोकांचं सोयाबीन गेलं ते या खालच्या सहा रकान्यांनी. दोन वर्षांपूर्वी ओढ्याकडच्या एका रानात पीक हिरवंगार उभं होतं, फुलं लागली, पण शेंगा भरल्याच नाहीत. त्या माणसानं डीएपी दोनदा दिलं होतं, वर टॉनिकच्या तीन बाटल्या मारल्या होत्या. त्याचं कार्ड मी नंतर बघितलं. गंधक आणि जस्त दोन्ही कमी होते, आणि ते कार्ड पेरणीच्या आधीच घरात आलेलं होतं.

आता आपले लाल बघ. चार आहेत: नत्र, गंधक, जस्त, लोह.

नत्राचा लाल सगळ्यात ठळक दिसतो, कारण तो आकडा मोठा असतो, हेक्टरी 210. पण सोयाबीनला त्याची चिंता सगळ्यात कमी. मुळावरच्या गाठी हवेतलं नत्र आणून देतात. नत्र कमी दिसलं की युरिया ओतणारे लोक आहेत. त्यांचं सोयाबीन नुसतं पाल्यात वाढतं. परभणी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 30 नत्र, 60 स्फुरद, 30 पालाश आणि 20 किलो गंधक अशी आहे. कार्डावर "कमी" असेल तर शिफारशीत पाव हिस्सा वाढवायचा, "जास्त" असेल तर पाव हिस्सा कमी करायचा, "अत्यंत जास्त" असेल तर निम्मं करायचं. त्या हिशोबानं नत्र एकरी 15 किलो होतं. मी मात्र 12 किलोच देणार. बियाण्याला रायझोबियम लावलं की या रानात गाठी चांगल्या धरतात, हे मी रोपं उपटून बघितलंय. हा माझा अंदाज आहे, विद्यापीठाचा नाही.

गंधकाचा आकडा 7 आहे. 10 च्या खाली कमी. सोयाबीनमध्ये तेल आणि प्रथिनं दोन्ही भरायची असतात, त्याला गंधक लागतंच. डीएपीत गंधक अजिबात नाही. 12:32:16 मध्येही नाही. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये 16 टक्के स्फुरद आणि साधारण 11 टक्के गंधक असतं. आपल्याला स्फुरद पाव हिस्सा कमी करायचंय, म्हणजे एकरी 24 च्या ऐवजी 18 किलो. ते सुपर फॉस्फेटमधून घेतलं तर सव्वादोन पोती लागतात, आणि त्याबरोबर 12 किलो गंधक आपोआप पडतं. गरज 8 किलोची आहे. वेगळ्या गंधकाच्या पिशवीचे पैसे वाचले. दुकानदार म्हणेल, सुपर जुनं झालं, पोती जास्त वाहावी लागतात. वाहू की. डीएपीबरोबर तो लिंकिंगमध्ये जी बाटली गळ्यात मारतो, ती तरी घरी येणार नाही.

आता जस्त. इथं माझी स्वतःची चूक आहे आणि ती तुला माहीत असायला हवी. मागच्या कार्डावर जस्त 1.9 होतं, हिरवंगार. 0.6 च्या खाली कमी धरतात, म्हणून मी निर्धास्त होतो आणि तीन वर्षं झिंक सल्फेट टाकलं नाही. या वेळी 0.42 आलं. रान एवढं कसं बदललं याचा विचार करत बसलो, तेव्हा आठवलं. मागच्या वेळी दहा ठिकाणची माती मी आपल्या पाण्याच्या पत्र्याच्या बादलीत मिसळली होती. त्या बादलीला जस्ताचा मुलामा असतो. मातीत बादलीचं जस्त उतरलं आणि कार्ड हिरवं आलं. या वेळी प्लास्टिकच्या टबात मिसळली. गंजलेल्या टिकावानं माती काढली तर लोहाचंही असंच होतं, आणि खताच्या रिकाम्या पिशवीत भरली तर सगळंच खोटं येतं. कार्ड वाचायच्या आधी माती कशात मिसळली होती हे विचारायचं.

जस्तासाठी एकरी 10 किलो झिंक सल्फेट. पिशवीवर जस्त 21 टक्के लिहिलेलं बघून घे. दुकानात चिलेटेड झिंकचा अर्ध्या किलोचा पुडा पुढं करतात, 12 टक्क्यांचा. त्यात जस्त किती? 60 ग्रॅम. दहा किलो झिंक सल्फेटमध्ये 2 किलो 100 ग्रॅम. चिलेट फवारणीला ठीक आहे, जमिनीची कमतरता त्यानं भरत नाही. आणि झिंक सल्फेट सुपर फॉस्फेटमध्ये किंवा डीएपीत मिसळायचं नाही, स्फुरद त्याला बांधून टाकतं. शंभर किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून शेवटच्या पाळीआधी पसरायचं. एकदा टाकलं की दोन-तीन हंगाम बघायला नको.

लोहाचा लाल मात्र वेगळ्या जातीचा आहे आणि त्यासाठी निळा रकाना बघ. सामू 8.2. आपल्या रानात चुनखडी आहे. पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या मातीवर ॲसिडचा थेंब टाकला तर फसफसते. अशा मातीत लोह असूनही पिकाला मिळत नाही, आणि नुसतं फेरस सल्फेट जमिनीत टाकलं तर तेही थोड्या दिवसांत अडकतं. म्हणून शिफारशीचं एकरी 10 किलो मी शेणखतात आठवडाभर मुरवून देणार, आणि खरा भरवसा फवारणीवर ठेवणार.

जुलैत सलग चार-पाच दिवस झड लागली की तो कोपरा आधी पिवळा पडतो. तेव्हा मी तुला फोटो पाठवीन आणि तू लगेच "युरिया मारा" म्हणू नकोस. पिवळं कुठलं पान आहे ते बघायचं. शेंड्याचं कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, तर लोह. कोवळं पान शिरांसकट फिकं, तर गंधक. खालची जुनी पानं पिवळी, तर नत्र. हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांचं एखाद-दुसरंच झाड असेल तर तो मोझॅक, ते झाड उपटून टाकायचं, त्याला खत नाही. लोहाचं असेल तर आधी चर काढून पाणी बाहेर काढायचं, वाफसा आला की दहा लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट, संध्याकाळच्या वेळी, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा. साचलेल्या पाण्यात उभ्या पिकावर फवारून काही होत नाही.

बाकीची नेहमीची कामं:
- घरच्या बियाण्याची उगवण चाचणी, शंभर दाणे गोणपाटात
- एकरी 26 किलो बियाणं
- आधी बुरशीनाशक, मग रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारं पीएसबी, दहा किलोला 250 ग्रॅम
- 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी नाही
- दोन ओळींत 45 सेंटिमीटर, खोली 3 ते 5 सेंटिमीटर
- रुंद वरंबा-सरी पाडून पेरणाऱ्या बीबीएफ यंत्राला नंबर लावणं

आता दोन एकराला काय घ्यायचं ते लिहून घे. सुपर फॉस्फेट दाणेदार साडेचार पोती, म्हणून पाच घे, उरलेलं बांधावरच्या तुरीला. युरिया 52 किलो, म्हणजे 45 किलोचं एक पोतं. घरात थोडा शिल्लक आहे. पालाश आपल्याकडं अत्यंत जास्त आहे, म्हणून म्युरेट ऑफ पोटॅश 20 किलो पुरे. झिंक सल्फेट 20 किलो. फेरस सल्फेट जमिनीसाठी 20 किलो आणि फवारणीसाठी 2 किलो. दुकानदाराच्या यादीतलं डीएपी, टॉनिक आणि दाणेदार "भूमी सुधारक" यातलं काहीही नाही. पावती घे, पावतीवर लॉट नंबर असू दे.

माळावरच्या रानाचं कार्ड मी धरत नाही. त्यावर गट नंबर आपला आहे, पण सरकारी नमुना कोरडवाहू भागात दहा हेक्टरला मिळून एक घेतात, आणि तो टेकडीखालच्या काळ्या रानातून घेतलेला दिसतो. आपलं माळ मुरमाड आहे. पाऊस लागायच्या आत तिथली माती स्वतः काढायची आहे. बांधापासून आणि झाडाखालून नाही, नागमोडी फिरत दहा ठिकाणी, इंग्रजी व्ही सारखा वीतभर खड्डा, त्याच्या बाजूची माती.

शनिवारी येताना लाकडी मुठीचं प्लास्टिकचं खुरपं मिळालं तर आण, आणि एक नवी प्लास्टिकची बादली. त्या बादलीत दुसरं काही भरायचं नाही, असं तुझ्या आईला मी सांगून ठेवलंय.

तुझे बाबा