गावागणिक जवळचं आरोग्य केंद्र शोधताना: हवाई अंतर कुठवर पुरतं?

क्यूजीआयएस शिकायला लागल्यावर माझ्याकडे पहिलं खरं काम आलं ते हे: गावांचे बिंदू एका लेयरमध्ये, आरोग्य केंद्रांचे दुसऱ्यात, आणि प्रत्येक गावासमोर सगळ्यात जवळचं केंद्र लिहून द्यायचं. `Join attributes by nearest` हे टूल चालवलं, दोन सेकंदांत निकाल आला. मात्र `distance` या रकान्यात 0.03, 0.11 असले आकडे होते. कोणतंच केंद्र गावापासून अकरा सेंटीमीटरवर नसतं. ते अंश होते, कारण दोन्ही लेयर अक्षांश-रेखांशात (EPSG:4326) होते आणि हे टूल पहिल्या लेयरच्या एककातच सरळ भूमितीने अंतर मोजतं.

मला वाटलं, आकडे नंतर किलोमीटरमध्ये बदलून घेऊ. तसं करून भागत नाही, कारण चूक नुसत्या आकड्यात नसते, केंद्राच्या निवडीतच असू शकते. 30 अंश अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे साधारण 110.9 किमी, पण पूर्व-पश्चिम एक अंश म्हणजे 96.5 किमीच. समजा एक केंद्र गावाच्या उत्तरेला 0.10 अंशावर आहे आणि दुसरं पूर्वेला 0.11 अंशावर. अंशांच्या हिशेबाने उत्तरेचं जवळ. प्रत्यक्षात ते 11.1 किमीवर, आणि पूर्वेचं 10.6 किमीवर.

म्हणून आधी `Reproject layer` वापरून दोन्ही लेयरच्या मीटरमधल्या नव्या प्रती करा. खालच्या कोपऱ्यातला प्रोजेक्टचा सीआरएस बदलला की फक्त नकाशा दिसायचा बदलतो, लेयर आहे तसाच राहतो. `Set Layer CRS` तर नुसतं लेबल बदलतं आणि बिंदू भलतीकडे जाऊन पडतात. मीटरसाठी यूटीएम हा सीआरएस घ्या; त्याचा झोन रेखांशावरून असा निघतो:

```
floor(("lon" + 180) / 6) + 1
```

जोड झाली की आधी ओळी मोजा. गावांपेक्षा ओळी जास्त भरल्या, तर बहुतेक वेळा एकच केंद्र यादीत दोनदा नोंदलेलं असतं. दोन्ही अंतरं सारखीच, म्हणून टूल दोन्ही ओळी देतं. गाव ओळखायला नाव नको, कोड वापरा. एकाच नावाची गावं हमखास निघतात.

एवढं झालं की निकाल बरोबर वाटतो. मलाही वाटला होता. मग एका गावाची ओळख असलेल्या सहकाऱ्याने विचारलं, “या गावची माणसं नदीपलीकडे कशाला जातील?” नकाशावर पाहिलं, तर केंद्र समोरच्याच काठावर होतं, हवाई अंतर 3.1 किमी, पण पुलावरून रस्त्याने 14 किमी. आधीच्या टूलने फक्त पहिला क्रमांक दिला होता, त्यामुळे दुसरं कोण होतं हे कळायला मार्गच नव्हता.

इथे अंतरांचा तक्ता कामी आला. `Distance matrix` मध्ये इनपुट म्हणून गावं, टार्गेट म्हणून केंद्रं, प्रकार `Linear (N*k x 3)` आणि k ची किंमत 5 दिली. प्रत्येक गावाच्या पाच ओळी आल्या, `InputID`, `TargetID` आणि `Distance` या तीन रकान्यांसह. आधी `InputID`, मग `Distance` अशा क्रमाने लावून घेतल्या.

आता प्रत्येक गावाचे पाचही रस्ते मोजायची गरज नाही. रस्त्याचं अंतर हवाई अंतरापेक्षा कमी असूच शकत नाही, या एका गोष्टीवर पुष्कळ काम वाचतं. त्या गावाचं दुसरं केंद्र हवाई 5.4 किमीवर होतं. ते 14 पेक्षा कमी, म्हणजे मोजायलाच हवं. `Shortest path (point to point)` ने रस्ता काढला: 6.3 किमी. तिसरं केंद्र हवाई 9.8 किमीवर. 6.3 मध्ये जे सापडलंय त्याला ते कुठल्याच रस्त्याने हरवू शकत नाही, म्हणून तिथेच थांबलो. दुसरं केंद्र पक्कं.

पाचव्या ओळीपर्यंत जाऊनही थांबता आलं नाही, तर त्या गावापुरता k वाढवायचा. आणि हद्दीवरच्या गावांसाठी शेजारच्या भागातली केंद्रंही टार्गेटमध्ये घ्यायला विसरू नका. ती नसतील तर तक्त्यात कुठेही चूक दिसत नाही, फक्त हद्दीलगतची अंतरं उगाच मोठी येतात. मी हे सगळं काम झाल्यावर पाहिलं आणि जोड पुन्हा करावी लागली.

रस्त्यांचा लेयर अपुरा असेल तर हा हिशेब नीट चालत नाही. एखादा पूल नकाशात तुटका काढलेला असला, की टूल लांबचा वळसा दाखवतं. रस्त्याचं अंतर हवाई अंतराच्या तिपटीहून जास्त आलं, की मी ते गाव उघडून डोळ्यांनी पाहतो: खरंच नदी आहे, की दोन रेषा एकमेकींना टेकायच्या राहिल्यात? शेवटच्या तक्त्यात हवाई अंतर, रस्त्याचं अंतर आणि केंद्राचा कोड हे तिन्ही रकाने वेगवेगळे ठेवतो. पुढे नवा पूल झाला, की कोणती गावं पुन्हा मोजायची ते त्यावरूनच काढता येतं.