ठरावीक रकमेचे सॉफ्टवेअर कोटेशन: आकस्मिक तरतुदीने हिशेबातील खड्डे बुजवू नका

जळगाव-धुळ्याकडील लहान सॉफ्टवेअर कंपन्यांना ठरावीक रकमेच्या कामात तोटा होतो, तेव्हा ‘ग्राहकाने मागण्या वाढवल्या’ हे कारण सर्वांत आधी पुढे येते. ते अनेकदा खरेही असते. परंतु कोटेशनचा मूळ तक्ता उघडून पाहिला, तर तोटा बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी त्यात बसलेला आढळतो, कारण विसरलेले काम, चुकीचा दर आणि अपुरे ओव्हरहेड या तिन्ही उणिवा ‘वर दहा टक्के धरले आहेत’ या एका ओळीवर सोडून दिलेल्या असतात. आकस्मिक तरतूद ही अनिश्चिततेसाठी असते. जे काम निश्चितपणे करावे लागणार आहे, त्याचा खर्च तिच्यातून भागवता येत नाही.

उदाहरण म्हणून जामनेर परिसरातील एका जिनिंग कारखान्याचे काम घेऊ. कापसाची गाडी भुईकाट्यावर आली की वजन थेट संगणकात यावे, ओलाव्याप्रमाणे कपात व्हावी, शेतकऱ्याची पावती आणि देणे तयार व्हावे, आणि रुई, सरकी व गाठींचा साठा कळावा, एवढी मागणी आहे. दसऱ्यानंतर हंगाम सुरू होतो, त्यामुळे त्याआधी प्रणाली चालू झाली पाहिजे.

केवळ कोडिंगचे दिवस मोजणे

कोडिंगला ६० मनुष्यदिवस लागतील, हा अंदाज अनुभवी माणसाचा बहुधा ठीक निघतो. चूक पुढे होते, ती म्हणजे त्या ६० दिवसांनाच प्रकल्प समजले जाते. वास्तविक मागण्या समजून घेऊन लिहून काढण्यास १०, चाचणी व दुरुस्तीला २२, जुन्या एक्सेल फाइलींतील खाती आणण्यास ८, बसवणी व मुनीमजींच्या प्रशिक्षणास ६, देखरेखीस १० आणि हमीच्या काळातील दुरुस्त्यांसाठी ९ दिवस लागतात. एकूण १२५ दिवस होतात, म्हणजे कोडिंगच्या दुपटीहून अधिक. यांतील एकही काम आकस्मिक नाही. हमीचे दिवस विशेष जपून धरावेत, कारण जिनिंगमध्ये खरा वापर हंगाम सुरू झाल्यावरच होतो आणि त्या वेळी आपली माणसे दुसऱ्या कामावर गेलेली असतात.

पगाराला २६ ने भागून दर काढणे

महिना ४०,००० रुपये पगाराच्या कनिष्ठ कर्मचाऱ्याचा दर ४०,००० भागिले २६, म्हणजे सुमारे १,५३८ रुपये असा काढण्याची पद्धत सर्रास दिसते. तीत दोन त्रुटी आहेत. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा, बोनस आणि उपदानाची तरतूद धरली, तर त्याच माणसाचा मासिक खर्च ४४,००० आणि वार्षिक खर्च ५,२८,००० रुपये होतो. दुसरी त्रुटी याहून मोठी आहे. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ रविवार, दुसरा व चौथा शनिवार मिळून २४ दिवस, १२ सणांच्या सुट्या आणि १७ रजा वजा केल्यावर हजेरीचे २६० दिवस उरतात. त्यांपैकी जुन्या ग्राहकांचे फोन, नव्या गोष्टी शिकणे आणि दोन कामांमधला रिकामा काळ यांत ६० दिवस गेले, तर ग्राहकाच्या बिलावर लावता येतील असे २०० दिवसच राहतात. म्हणून खरा दर २,६४० रुपये आहे. प्रत्येक कंपनीने हे २०० स्वतःच्या मागील वर्षाच्या हजेरी आणि बिलांवरून काढावेत. सराव झालेली माणसे पुण्याला निघून जातात, तिथे नव्या माणसाच्या शिकण्याचे दिवसही यातून वजा झाले पाहिजेत.

वार्षिक ७,२०,००० रुपये खर्चाच्या वरिष्ठाचा दर याच रीतीने ३,६०० येतो. आपल्या कामात वरिष्ठाचे ३५ आणि कनिष्ठांचे ९० दिवस आहेत, तेव्हा माणसांचा खर्च ३,६३,६०० रुपये होतो. कनिष्ठांचा दर १,५३८ धरला असता, तर एवढ्या एका भागाकारातून सुमारे ९९,००० रुपये कमी पडले असते.

ओव्हरहेड टक्क्यांत उसने घेणे

दुसऱ्या कंपनीचे ‘पंधरा टक्के’ आपल्याला लागू पडतीलच असे नाही. भाडे, वीज, इन्व्हर्टर, इंटरनेट, लॅपटॉपची झीज, हिशेबनीस आणि मालकाचा स्वतःचा पगार मिळून वर्षाला ९,००,००० रुपये लागत असतील आणि पाच माणसांचे मिळून १,००० दिवस विकले जात असतील, तर दर दिवसाला ९०० रुपयांचा वाटा येतो. विक्री ८०० दिवसांवर आली, तर तोच वाटा १,१२५ होतो, म्हणून तो दर सहा महिन्यांनी पुन्हा काढावा. मात्र रिकाम्या ६० दिवसांचा पगार दरात आलेलाच आहे, तो ओव्हरहेडमध्ये पुन्हा धरू नये.

१२५ दिवसांचे ओव्हरहेड १,१२,५०० रुपये झाले. प्रवास, सर्व्हर आणि एसएमएसचे १३,९०० रुपये मिळवले की एकूण खर्च ४,९०,००० होतो.

तरतूद सरसकट टक्क्यांत धरणे

आता अनिश्चितता कुठे आहे, ते शोधायचे. जुन्या खात्यांचे काम ८ ऐवजी २० दिवस घेऊ शकते आणि तशी शक्यता निम्मी वाटते, म्हणून वाढीव १२ चे निम्मे ६ दिवस धरावेत. काट्याच्या इंडिकेटरमधून सिरियल पोर्टने येणारे आकडे वाचणे आणखी ८ दिवस खाऊ शकते, त्याचे ४ धरावेत. ओलाव्याच्या कपातीचे नियम चर्चेत एक आणि प्रत्यक्ष काट्यावर दुसरे निघतात, त्यासाठी कोडिंगच्या दहा टक्के, म्हणजे ६ दिवस. एकूण १६ दिवस झाले. माणसे व ओव्हरहेड मिळून दिवसाचा सरासरी खर्च ३,८०९ रुपये आहे, तेव्हा तरतूद सुमारे ६१,००० आणि बेरीज ५,५१,००० होते. असे नावानिशी धरलेले धोके आधीच कमीही करता येतात: कोटेशन देण्यापूर्वी लॅपटॉप आणि केबल घेऊन काट्यावर एक दुपार घालवली, तर त्या चार दिवसांचा निकाल तिथेच लागतो.

नफा यानंतरचा आणि तरतुदीहून वेगळा. विक्रीच्या १५ टक्के नफा हवा असेल, तर ५,५१,००० ला ०.८५ ने भागावे. उत्तर सुमारे ६,४८,००० येते. नुसते १५ टक्के मिळवले, तर ६,३३,६५० च येतात. ‘जीएसटी वेगळा’ हे शब्द कोटेशनमध्ये नसतील आणि ग्राहकाने तीच रक्कम करासह धरली, तर १८ टक्के कर काढून हाती ५,४९,००० च्या आसपास राहतात, म्हणजे खर्च आणि तरतूदही पूर्ण भरत नाही.

घासाघीस रकमेवर करणे

‘सहा लाखांचा गोल आकडा करा’ असे शेठजी म्हणणारच. तो मान्य केला, तर ९७,००० च्या नफ्यातून ४८,००० जातात. त्याऐवजी कामाचा भाग कमी करावा. जुनी खाती आणण्याचे काम कारखान्याने स्वतः आरंभीच्या शिल्लक नोंदी भरून केले, तर आपले ८ दिवस आणि त्यावरील ६ राखीव दिवस सुटतात. नफ्यासह हिशेब केला तर किंमत सुमारे ६३,००० रुपयांनी उतरून ५,८५,००० वर येते आणि आपला पंधरा टक्के नफा टिकतो. हे बोलणे नुसत्या एकरकमी कागदावर होऊ शकत नाही, म्हणून कामांची यादी आणि गृहीतके कोटेशनला जोडलेली असावीत. यादीबाहेरच्या कामाचा दिवसाचा दर, या हिशेबात सुमारे ४,५०० रुपये, तिथेच लिहावा. तरतूद मात्र वेगळी ओळ म्हणून ग्राहकाला दाखवू नये, असे माझे मत आहे. दिसली की ती सर्वांत आधी कापली जाते.

तोटा झाल्यावर कुठे पाहावे

काम संपल्यावर प्रत्येक भागाचे अंदाजित आणि प्रत्यक्ष दिवस शेजारी मांडावेत. दिवस जुळले आणि तरीही पैसे उरले नाहीत, तर दोष दरात किंवा ओव्हरहेडमध्ये आहे. दिवस चाचणी, प्रशिक्षण किंवा हमीत वाढले, तर अंदाजाची यादीच अपुरी होती. वाढ नाव घेतलेल्या धोक्यांतच झाली असेल, तर तरतुदीने तिचे काम केले. मात्र एकामागून एक कामांत ती पूर्ण संपत असेल, तर ‘निम्मी शक्यता’ म्हणून धरलेला धोका प्रत्यक्षात दरवेळी घडत आहे, आणि पुढच्या कोटेशनमध्ये ते दिवस तरतुदीतून काढून मूळ मनुष्यदिवसांत घालावेत.