‘हे पैसे आले कुठून?’ असं कसिनोने विचारलं तर

ब्रिटनमधल्या ऑनलाइन कसिनोत दरमहा दोनशे पौंड भरणाऱ्याने एकदम ६,००० भरले, की बहुतेक वेळा ईमेल येतो: या रकमेचा स्रोत दाखवा. तुमच्यावर आरोप झालाय असं नाही. मनी लाँडरिंगविरोधी नियमांमुळे ग्राहकाची नेहमीची चाल बदलली की कसिनोला विचारावंच लागतं.

लोक हमखास एक चूक करतात, खात्यातल्या शिलकेचा स्क्रीनशॉट पाठवतात. त्यातून पैसे आहेत एवढंच कळतं, ते आले कुठून हे नाही. समजा, ही रक्कम जुनी गाडी विकून आली. मग विक्रीची पावती द्या आणि बँकेचं पीडीएफ स्टेटमेंट जोडा. त्यात गाडीचे पैसे जमा झालेली ओळ आणि कसिनोला गेलेली ओळ, दोन्ही दिसायला हव्यात. मधे पैसे दुसऱ्या खात्यातून फिरले असतील तर त्याचंही स्टेटमेंट लागेल. नावं, तारखा किंवा रकमा काळ्या करू नका, कागद परत येतो. मित्राकडून उसने घेतले असतील तर तसंच सांगा. पगाराचे म्हणून खपवलेत, तर स्लिपशी आकडे जुळणार नाहीत आणि खरा संशय तिथूनच सुरू होतो.

कागद कसिनोच्या साइटवर लॉगिन करूनच अपलोड करा, कारण अशा ईमेलची नक्कल करणारे भामटेही असतात. ‘नेमका कशाचा संशय आहे?’ म्हणून चॅटवर भांडू नका. कसिनोकडून संशयाचा अहवाल तपास यंत्रणेकडे गेला असेल तर ते ग्राहकाला कळवणं हा तिथे गुन्हा ठरू शकतो, त्यामुळे समोरचा कर्मचारी गुळमुळीतच बोलणार.