दगड का बुडतो आणि जहाज का तरंगते, हे विहीर, दगड आणि वाटी घेऊन कसे समजून घ्यावे

आठवीच्या मुलाला विचारले की दगड का बुडतो, तर तो चटकन सांगतो, "जड असतो म्हणून." मग हजारो टनांचे लोखंडी जहाज का बुडत नाही, असे विचारले की तो गप्प होतो. गोंधळ जहाजात नसून पहिल्याच उत्तरात आहे, म्हणून समजावण्याची सुरुवात जहाजापासून न करता ज्याचा अनुभव मुलाच्या हाताला आधीच आहे अशा गोष्टीपासून करावी. आपल्याकडे तशी गोष्ट म्हणजे विहिरीतून दोराने बादली ओढणे.

मोठ्या माणसाने सोबत उभे राहून मुलाला बादली शेंदायला सांगावी. भरलेली बादली जोवर पाण्याखाली आहे, तोवर दोर हलका लागतो आणि दोन बोटांनीही ती वर येते. तिचा काठ पाण्याबाहेर येऊ लागला की हाताला ओढ जाणवते, आणि बादली पूर्ण बाहेर आली की दहा लिटर पाण्याचे दहा किलो वजन एकदम खांद्यावर येते. येथे थांबून विचारावे की बादलीत पाणी आधीही तेवढेच होते, मग त्याचे वजन पाण्याखाली असताना कोण पेलत होते? उत्तर मुलाला स्वतः शोधू द्यावे. ते वजन विहिरीतले आजूबाजूचे पाणी पेलत होते.

या उत्तरातच सगळे तत्त्व आहे, म्हणून घाई करू नये. विहिरीच्या स्थिर पाण्यात नारळाएवढ्या एका भागाभोवती मनाने रेघ काढावी. त्या भागाला वजन आहे, तरीही तो खाली जात नाही आणि वरही येत नाही. याचा अर्थ भोवतालचे पाणी त्याला बरोबर त्याच्या वजनाइतके वर ढकलत आहे. हे ढकलणे येते कोठून? पाण्यात जितके खोल जावे तितका दाब वाढतो, त्यामुळे त्या भागाला खालून बसणारा रेटा वरून बसणाऱ्या रेट्यापेक्षा जास्त असतो, तर बाजूंचे रेटे समोरासमोर असल्याने एकमेकांना मारून टाकतात. आता मनातल्या मनात तेवढा भाग काढून त्याच आकाराचा दगड तेथे ठेवावा. भोवतालच्या पाण्याला आत काय आले हे कळण्याचा काही मार्ग नाही. खोली तीच आणि आकारही तोच असल्यामुळे ते पूर्वीइतकेच वर ढकलते. म्हणजे दगडालाही वर ढकलले जाते आणि तेही नेमके त्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके. पुस्तकात याला प्लावक बल म्हटले आहे. सिसिली बेटावरील सिराक्यूजच्या आर्किमिडीजने ही गोष्ट सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सांगितली.

आता हे मोजून पाहावे. बाजारात पिशवी अडकवून वजन करतात तसा लटकता काटा, घरातला पीठ मोजायचा काटा, एक गंज, एक परात, मजबूत दोरा आणि मुठीपेक्षा मोठा काळा दगड एवढे साहित्य पुरते. पश्चिम विदर्भात शेताच्या बांधावर मिळणारा काळा दगड भरीव असल्यामुळे या कामाला उत्तम. सच्छिद्र दगड पाणी पितो आणि आकडे चुकवतो. कोरडी परात आधी तोलून ठेवावी, तिच्यात गंज ठेवून तो काठोकाठ भरावा आणि सांडणे पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी. परातीत सांडलेले पाणी पुसून घ्यावे. मग काट्याला दोऱ्याने टांगलेला दगड हळूहळू पाण्यात सोडावा. दगड पूर्ण बुडालेला असावा, पण तळाला किंवा कडेला टेकलेला नसावा, कारण टेकला की तळ त्याचे काही वजन उचलतो आणि काटा फारच कमी दाखवतो. आकडा अपेक्षेपेक्षा कमी दिसला तर सर्वप्रथम हेच तपासावे.

आम्ही केले तेव्हा दगड हवेत ८७० ग्रॅम भरला आणि पाण्यात ५७० ग्रॅम. म्हणजे ३०० ग्रॅम वजन पाण्याने पेलले. गंज अलगद उचलून परात पुन्हा तोलली, तेव्हा सांडलेले पाणी २९० ग्रॅम निघाले. उरलेले दहा ग्रॅम गंजाच्या बाहेरच्या अंगाला चिकटून राहिले होते. एवढा फरक घरच्या प्रयोगात येतोच आणि तो मुलापासून लपवू नये. मुलाला दिसायला हवे ते असे की पाण्याने दगडाला ३०० ग्रॅमचा आधार दिला, पण दगडाला ८७० ग्रॅमचा हवा होता. सगळा बुडूनही त्याला यापेक्षा जास्त पाणी सारता येत नाही, म्हणून तो तळाशी जातो.

यानंतर स्टीलची वाटी घ्यावी. स्टील हे त्या काळ्या दगडापेक्षा आकारमानाने तितकेच घेतले तर जवळजवळ पावणेतीन पट जड भरते, ही गोष्ट आधी सांगून मगच वाटी पाण्यावर ठेवावी. आमची वाटी ८० ग्रॅमची होती आणि तिच्यात २०० ग्रॅम पाणी मावत होते. ती थोडी खाली गेली आणि ८० ग्रॅम पाणी बाजूला सारताच थांबली, कारण तेथे तिचे वजन पूर्ण पेलले गेले. मग तिच्यात तुरीची डाळ चमच्याचमच्याने, मधोमध घालत जावे. प्रत्येक चमच्याला वाटी किंचित खाली बसते आणि तेवढे जास्त पाणी सारते. काठापर्यंत बुडाली तर ती सुमारे २१० ग्रॅम पाणी सारू शकते, म्हणून हिशेबाने तिच्यात १३० ग्रॅम डाळ मावायला हवी. प्रत्यक्षात ११५ ग्रॅमच्या आसपास ती एका बाजूला कलली, पाणी आत शिरले आणि ती बुडाली. डाळ एका कडेला घातली तर याहून लवकर बुडते.

जहाज म्हणजे हीच वाटी. आतून पोकळ असल्यामुळे त्याचा थोडाच भाग बुडाला तरी त्याच्या सगळ्या वजनाइतके पाणी बाजूला होते. जहाजाचे वजन सांगताना ते किती टन पाणी सारते हेच सांगतात. २०२२ मध्ये नौदलात आलेल्या विक्रांत या विमानवाहू जहाजासाठी हा आकडा चाळीस हजार टनांहून अधिक आहे. मालवाहू जहाजांच्या बाजूला रेघा रंगवलेल्या असतात आणि त्यांपलीकडे जहाज बुडेल इतका माल भरायचा नसतो. गोड्या पाण्याची रेघ समुद्राच्या रेघेपेक्षा वर असते. खारे पाणी जड असल्यामुळे तेवढाच आधार कमी पाणी सारून मिळतो, आणि तेच जहाज नदीत आल्यावर थोडे अधिक खाली बसते.

शेवटी बुडालेली वाटी दोऱ्याला बांधून पाण्यातच तोलावी. आता पोकळीत हवेऐवजी पाणी आहे आणि नुसते स्टील पाणी सारते, तेही जेमतेम दहा ग्रॅम. काटा बारीक असेल तर तो सत्तर ग्रॅम दाखवेल. बुडालेल्या वाटीलाही पाणी वर ढकलतच आहे.