बार चार्टच्या स्क्रीनशॉटवरून आकडे कसे वाचावेत आणि कापलेला अक्ष कसा ओळखावा

कुणीतरी बार चार्टचा स्क्रीनशॉट पाठवतो. स्तंभांवर आकडे लिहिलेले नसतात, मूळ तक्ता कुठे आहे ते माहीत नसतं, आणि शेवटचा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसतो. खरंच तिप्पट वाढ झाली का, हे त्या चित्रातूनच बऱ्यापैकी अचूक काढता येतं. त्यासाठी लागते फक्त उंची मोजण्याची सोय आणि थोडी बेरीज-वजाबाकी.

कॉम्प्युटरवर असाल तर चित्र पेंटसारख्या साध्या प्रोग्रॅममध्ये उघडा. माउस फिरवला की खालच्या पट्टीत दोन आकडे बदलत राहतात. त्यातला दुसरा म्हणजे वरच्या कडेपासूनचं अंतर, पिक्सेलमध्ये. हे अंतर वरून खाली मोजलं जातं, म्हणून स्तंभ जितका उंच तितका त्याच्या माथ्याचा आकडा लहान येतो. सुरुवातीला इथेच गोंधळ होतो. फोनवर असाल तर चित्र मोठं करून काचेवर साधी मिलिमीटरची पट्टी धरली तरी चालतं, कारण आपल्याला फक्त अंतरांचं एकमेकांशी प्रमाण हवं आहे. मात्र मोजणी संपेपर्यंत झूम बदलू नका.

पायरी १: अक्षावरच्या खुणा मोजा

एक काल्पनिक चार्ट घेऊ. एखाद्या सेवेबद्दल समाधानी असलेल्या ग्राहकांची टक्केवारी दाखवणारे चार स्तंभ आहेत: २०१८, २०१९, २०२० आणि २०२४. डाव्या अक्षावर ६०, ६५, ७०, ७५, ८० असे आकडे आहेत. त्यांच्या आडव्या रेषा वरच्या कडेपासून अनुक्रमे ४००, ३४०, २८०, २२० आणि १६० पिक्सेलवर येतात. स्तंभ ज्या रेषेवर उभे आहेत, ती तळरेषा ४६० वर आहे. तिच्याशेजारी आकडा नाही. कापताना तो चित्राबाहेर राहिला असावा.

रेषा जाड असेल तर तिचा मध्य धरा, आणि सगळीकडे मध्यच धरा. लगतच्या दोन खुणांमधलं अंतर प्रत्येक वेळी ६० पिक्सेल भरतंय आणि आकडेही प्रत्येक वेळी ५ ने वाढतायत. म्हणजे अक्ष सरळ प्रमाणात आहे. ही तपासणी कंटाळवाणी वाटते म्हणून बहुतेक जण गाळतात, पण पुढचं सगळं गणित हिच्यावर उभं आहे.

५ एककांना ६० पिक्सेल, म्हणजे एका एककाला १२ पिक्सेल.

पायरी २: स्तंभांचे माथे वाचा

६० ची खूण ४०० वर आहे, म्हणून कुठल्याही माथ्यासाठी सूत्र असं होतं:

```
मूल्य = ६० + (४०० − माथा) ÷ १२
```

चार माथे ३७६, ३४०, ३०४ आणि १९६ वर आहेत. सूत्रात घातले की ६२, ६५, ६८ आणि ७७ मिळतात. मोजताना एक-दोन पिक्सेल इकडेतिकडे झाले तरी इथे चूक ०.२ च्या आतच राहते. पण हाच चार्ट आकसून एका एककाला दोनच पिक्सेल उरले असते, तर तितक्याच हलगर्जीपणाने पूर्ण एका टक्क्याचा फरक पडला असता. चित्र फॉरवर्ड होत होत धूसर झालं असेल तर माथ्याची कड दोन-तीन पिक्सेलभर पसरते. अशा वेळी उत्तर दशांशात लिहिण्यात अर्थ नाही.

स्तंभ त्रिमितीत काढलेले असतील तर थांबा. तिथे आडव्या रेषा मागच्या भिंतीवर असतात आणि स्तंभ पुढे उभा असतो, त्यामुळे माथा कुठल्या रेषेशी जुळवायचा हेच नक्की राहत नाही. अशा चार्टवरून ढोबळ अंदाजापलीकडे काही काढू नये, असं माझं मत आहे.

पायरी ३: शून्य कुठे आहे ते शोधा

६० ची खूण ४०० वर आणि एका एककाला १२ पिक्सेल, तर शून्य ६० × १२ = ७२० पिक्सेल खाली, म्हणजे ११२० वर यायला हवं होतं. तळरेषा मात्र ४६० वरच आहे. त्या उंचीचं मूल्य निघतं ५५. म्हणजे प्रत्येक स्तंभाचा तळाकडचा ६६० पिक्सेलचा भाग चित्रात नाहीच.

परिणाम मोजून पाहा. दिसणारा पहिला स्तंभ ४६० − ३७६ = ८४ पिक्सेल उंच आहे आणि शेवटचा २६४. डोळ्याला वाढ तिपटीहून जास्त दिसते. खरं प्रमाण आहे ७७ भागिले ६२, म्हणजे सुमारे १.२४ पट. किती फुगवलं हे एका आकड्यात सांगायचं तर दिसणाऱ्या वाढीला खऱ्या वाढीने भागा: दिसते सुमारे २१४ टक्के, आहे सुमारे २४ टक्के, म्हणजे जवळपास नऊपट फुगवटा. आलेखतज्ज्ञ एडवर्ड टफ्टी यांनी या गुणोत्तराला ‘लाय फॅक्टर’ म्हटलं. प्रामाणिक चार्टमध्ये ते १ च्या आसपास राहतं.

स्तंभांना शून्यापासून सुरुवात हवीच, याचं कारण स्तंभ लांबीतून बोलतो. दुप्पट लांब म्हणजे दुप्पट मोठं, असं आपण नकळत वाचतो. रेषालेखाला हे बंधन तसं लागू नाही, कारण तिथे आपण चढ-उतार पाहतो. शरीराचं तापमान शून्यापासून काढलं तर ताप दिसणारच नाही. म्हणून ‘अक्ष शून्यापासून नाही’ एवढ्यावरून रेषालेखावर तुटून पडू नका.

आणि कापलेला अक्ष म्हणजे दरवेळी लबाडी, असंही नाही. एक्सेल अक्षाची सुरुवात आपोआप ठरवतं. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यांतला फरक मोठ्याच्या एकषष्ठांशापेक्षा कमी असेल, तर ते शून्य सोडून वरून सुरुवात करू शकतं. चार्ट काढणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. आपल्या उदाहरणात फरक १५ आहे, ७७ च्या जवळपास एकपंचमांश. म्हणजे हा चार्ट एक्सेलचा असेल, तर ५५ हा आकडा कुणीतरी हाताने घातला असण्याची शक्यता जास्त. नुसत्या चित्रावरून प्रोग्रॅम कुठला ते कळत नाही, तेव्हा हा तर्क पुरावा म्हणून पुढे करू नये.

अक्षच नसेल तर

बरेच चार्ट अक्ष पुसून टाकतात आणि आकडे थेट स्तंभांवर लिहितात. हे उलट सोपं पडतं. समजा, फक्त ६२ आणि ७७ लिहिलेल्या दोन स्तंभांच्या उंची ८४ आणि २६४ आहेत. उंचीतला फरक १८०, आकड्यांतला फरक १५, म्हणून एका एककाला १२ पिक्सेल. पहिल्या स्तंभाची ८४ पिक्सेल उंची म्हणजे ७ एककं. ६२ मधून ७ गेले की तळ निघाला ५५. लपवलेला अक्ष दोन स्तंभांतून परत मिळाला.

मग तिसरा स्तंभ घ्या. त्यावर ६८ लिहिलं असेल तर उंची (६८ − ५५) × १२ = १५६ पिक्सेल यायला हवी. ती १९० भरली, तर स्तंभ प्रमाणात काढलेलेच नाहीत. कुणीतरी सजावटीच्या हिशेबाने हाताने ओढलेत. अशा चित्रातल्या उंचीला काही अर्थ नसतो, फक्त लिहिलेले आकडे धरावेत, तेही मूळ तक्ता सापडेपर्यंत सावधपणे.

हाच हिशेब २०१२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या वृत्तवाहिनीने दाखवलेल्या चार्टला लावता येतो. सर्वोच्च आयकर दर ३५ टक्क्यांवरून ३९.६ होईल, एवढंच सांगायचं होतं. अक्ष ३४ पासून सुरू केला होता. दिसणारे स्तंभ १ आणि ५.६ या प्रमाणात आले, खरं प्रमाण १.१३ पट.

पायरी ४: अंतरं एकसारखी आहेत का

पहिल्या पायरीत खुणांमधली अंतरं आणि आकड्यांमधली वाढ, दोन्ही समान निघाली. यातलं एक जरी समान नसेल, तर बहुधा तीन गोष्टींपैकी एक असते. अंतरं क्रमाने हळूहळू वाढत किंवा घटत असतील तर कागदाचा वा स्क्रीनचा तिरका फोटो घेतलेला असतो. सरळ स्क्रीनशॉट मागा. अंतरं समान पण आकडे १, १०, १००, १००० असे पटीने वाढत असतील तर तो लॉग अक्ष आहे. तिथे १० आणि १०० च्या बरोबर मध्ये येणारं मूल्य ५५ नसतं, सुमारे ३२ असतं, म्हणून वरचं सूत्र चालत नाही. आणि ०, १०, २०, ५०, १०० असे मनमानी आकडे समान अंतरावर बसवले असतील, तर तो अक्ष सरळसरळ चुकीचा आहे.

एक निरुपद्रवी अपवाद: अक्षावर ०, १, १, २, २, ३ असे आकडे दिसले तर घाबरू नका. खुणा अर्ध्या-अर्ध्या एककावर आहेत आणि दशांश लपवल्यामुळे आकडे पूर्णांकात दिसतायत. अशा वेळी लगतच्या दोन खुणांमधलं अंतर अर्ध्या एककाचं धरून प्रमाण काढा.

आता आडवा अक्ष. आपल्या चार्टमध्ये चारही स्तंभ समान अंतरावर उभे आहेत, पण वर्षं आहेत २०१८, २०१९, २०२०, २०२४. सुरुवातीला दरवर्षी ३ ची वाढ आहे. शेवटची उडी ९ ची दिसते, पण ती चार वर्षांत वाटलेली आहे: वर्षाला २.२५. चित्रात जिथे झेप दिसते, तिथे प्रत्यक्षात वेग मंदावलाय. उभ्या अक्षाची लबाडी हल्ली बरेच जण पकडतात, ही मात्र सहज निसटते, आणि माझ्या मते निष्कर्ष जास्त फिरवते, कारण इथे आकडा फुगत नाही, दिशाच उलटी वाटते.

दोन चार्ट शेजारी ठेवलेले असतील तर दोघांचं ‘एका एककाला किती पिक्सेल’ वेगवेगळं काढा. ते जुळलं नाही, तर त्यांच्या उंचीची आपसात तुलना करू नका. आधी दोन्हींचे आकडे वाचा आणि एकाच तक्त्यात मांडा.

असे वाचलेले आकडे पुढे कुणाला द्यायचे असतील, तर ‘सुमारे ६५, चार्टवरून मोजून’ असं लिहा आणि तळ ५५ आहे हेही सोबत नोंदवा. नाहीतर पुढचा माणूस त्यालाच मूळ आकडेवारी समजेल.